तडकलेली फ्लश प्लेट आणि मागचे १२ मिलिमीटर

वारज्यातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर काका-काकू राहतात. दोघंही निवृत्त. त्यांच्या बाथरूममध्ये वॉल हंग कमोड आहे आणि त्याची टाकी भिंतीच्या आत, म्हणजे कन्सील्ड. बाहेर दिसते ती फक्त क्रोमची फ्लश प्लेट आणि तिच्यावरची दोन बटणं, एक मोठं आणि एक लहान. मोठ्या बटणाच्या कोपऱ्यातून निघालेली तड तिरकी जाऊन प्लेटच्या कडेला भिडली होती आणि बटण एका बाजूने आत लोंबत होतं. "प्लेट जुनी झाली, तेवढी बदलून द्या," एवढंच काकांचं म्हणणं होतं.

मी बाथरूम दुरुस्तीची कामं घेतो. प्लेट तडकली म्हटलं की बहुतेक जण सरळ दुकान गाठतात, पण प्लेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. बटणावरचा दाब टाकीतल्या यंत्रणेपर्यंत नेणारा पहिला भाग तोच असतो. तो तुटला तर का तुटला, हे आधी बघावं लागतं, नाहीतर नवी प्लेटही त्याच जागी तडकते. तड कुठून निघाली यावरूनच बरंच कळतं. बाहेरून काही आपटलं असेल तर तडे एका बिंदूपासून चहूकडे फाकतात. मागच्या फ्रेमचे स्क्रू जास्त आवळले असतील किंवा टाइल्स एका पातळीत नसतील, तर प्लेट क्लिपपाशी किंवा कडेला फुटते. इथली तड बटणाच्या बिजागरीपासून सुरू झाली होती. याचा अर्थ बटण रोज गरजेपेक्षा जास्त जोराने दाबलं जात होतं.

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मोठं बटण अंगठ्याने अगदी रेटून दाबावं लागतं, तरी कधी पाणी पूर्ण येतं, कधी नाही. माझी बोटं दुखतात, म्हणून मी लहानच दोनदा दाबते." काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री सगळं शांत झालं की भांड्यात पाण्याचा बारीक आवाज येत राहतो. प्लंबरला विचारलं तर तो म्हणाला, वॉशर गेलाय. मी विचारलं, हे सगळं कधीपासून? दोघांनी एकदमच सांगितलं, बाथरूमचं काम करून घेतल्यापासून. त्या कामात जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावरच नव्या टाइल्स चिकटवल्या होत्या.

टाइल्सवर टाइल्स लावणं हा पुण्यात आता अगदी नेहमीचा मार्ग झालाय. ब्रेकरचा आवाज नाही, राडारोडा नाही, सोसायटीची कटकट नाही. पण तेवढ्याने भिंत जाड होते. इथे नवी टाइल ८ मिलिमीटरची आणि खालचा चिकटवण्याचा थर ४ मिलिमीटरचा, म्हणजे भिंतीचा दर्शनी भाग १२ मिलिमीटर पुढे आला होता. टाकी मात्र होती तिथेच राहिली. प्लेट नव्या टाइलवर आली आणि तिच्यात नि टाकीत १२ मिलिमीटरचं अंतर वाढलं. ते अंतर कोणी भरून काढलं होतं का, हे प्लेट काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

प्लेट काढायच्या दोन-तीन पद्धती असतात. आधी वाकून प्लेटच्या खालच्या कडेला टॉर्च मारावा. तिथे दोन बारीक स्क्रू दिसले तर ते सोडवायचे. स्क्रू नसतील तर बहुतेक प्लेट फ्रेमवर नुसत्या अडकवलेल्या असतात. दोन्ही हातांनी प्लेट थोडी वर सरकवली आणि खालची कड आपल्याकडे ओढली की ती सुटते. काहींच्या बाजूला खाच असते, तिथे पातळ प्लास्टिकची पट्टी घालून उचलावं लागतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नये. त्याने टाइलची कड उडते आणि प्लेटपेक्षा ती टाइल महाग पडते.

इथे प्लेट हलेना, कारण टाइल्सवाल्याने तिच्या चारही कडांना पांढरं सिलिकॉन भरून टाकलं होतं. दिसायला छान, पण टाकीच्या आत जायचं एवढं एकच दार आहे आणि तेच त्याने बुजवलं. कटरने सिलिकॉन हळूहळू कापलं. त्याआधी तडेवर मास्किंग टेप लावून घेतली होती आणि कमोडवर जाड टॉवेल घातला होता. तडकलेल्या प्लेटचा तुकडा टाकीत पडला आणि फ्लश व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकला, तर एका दुरुस्तीच्या दोन होतात. टॉवेल स्क्रूसाठी. हातातून सुटलेला स्क्रू नेमका भांड्यातच जातो.

प्लेटच्या मागे प्लास्टिकची फ्रेम असते. ती दोन लांब स्क्रूंनी टाकीच्या तोंडाला धरलेली असते. फ्रेममधून दोन दांड्या आत जातात. बटण दाबलं की त्याची मागची बाजू दांडीला ढकलते, दांडी आतल्या तरफेला ढकलते आणि तरफ फ्लश व्हॉल्व्ह वर उचलते. एक दांडी पूर्ण फ्लशची, दुसरी अर्ध्या फ्लशची. फ्रेमच्या मागे पाण्याचे शिंतोडे अडवणारा प्लास्टिकचा पडदा असतो आणि त्याच्या मागे प्रत्यक्ष टाकी.

फ्रेम सोडवली आणि कारण समोरच होतं. पूर्ण फ्लशची दांडी जशी जुन्या टाइल्सच्या वेळी होती तशीच, तेवढ्याच लांबीची होती. अर्ध्या फ्लशच्या दांडीच्या टोकाला मात्र कोणीतरी वायरिंगच्या पाइपचा तुकडा बसवून वर इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. तुकडा मोजला तर १५ मिलिमीटरचा.

पुढचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण दोन्ही तक्रारी त्यातूनच उलगडतात. प्लेट बसलेली असताना बटणाची पाठ आणि दांडीचं टोक यांच्यात थोडी मोकळीक लागते, साधारण २ मिलिमीटर. जुन्या टाइल्सच्या वेळी तेवढी होती असं धरलं, तर नव्या टाइल्सनंतर पूर्ण फ्लशच्या बाजूला ती १४ मिलिमीटर झाली. या यंत्रणेत दांडी ८ मिलिमीटर आत गेल्याशिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उचलला जात नव्हता. म्हणजे बटण १४ अधिक ८, एकूण २२ मिलिमीटर आत जायला हवं होतं. पण बटण फ्रेमला टेकेपर्यंत जेमतेम २० मिलिमीटरच जात होतं. उरलेले २ मिलिमीटर काका रोज अंगठ्याच्या जोरावर प्लास्टिक वाकवून मिळवत होते. ते ज्या दिवशी मिळायचे त्या दिवशी पूर्ण फ्लश, नाही मिळाले तर अर्धवट. रोजच्या वाकण्याने अखेर बिजागरी तुटली. जुन्या टाइल्सच्या वेळी हेच काम २ अधिक ८, म्हणजे १० मिलिमीटरमध्ये होत होतं आणि बटणाला तेवढाच प्रवास शिल्लक असायचा.

लहान बटणाच्या बाजूला नेमकं उलटं झालं होतं. तिथेही अंतर १४ मिलिमीटरच, पण पाइपचा तुकडा १५ मिलिमीटरचा. त्यामुळे मोकळीक तर उरलीच नाही, उलट प्लेट बसवली की दांडी कायमची १ मिलिमीटर आत दाबलेली राहायची. तेवढ्याने व्हॉल्व्हचं रबर आपल्या जागेवरून किंचित उचललं जातं आणि टाकीतलं पाणी भांड्यात झिरपत राहतं. रात्रीचा आवाज तो. वॉशर बदलून तो थांबला नसता.

याची खात्री करणं सोपं होतं. प्लेट आणि फ्रेम काढलेली, दांड्या बाहेर, टाकी भरलेली. भांड्याच्या मागच्या आतल्या भिंतीला टिश्यू पेपर चिकटवून थोडा वेळ थांबलो. कागद कोरडाच राहिला. मग फ्रेम, तुकडा लावलेली दांडी आणि प्लेट परत बसवून तोच पेपर पुन्हा लावला, तर त्यावर पाण्याची ओघळ दिसली. रबर खराब असतं तर दोन्ही वेळा पेपर भिजला असता.

तरीही आत हात घातलाच होता, म्हणून व्हॉल्व्ह काढून पाहिला. त्यासाठी आधी टाकीला येणारं पाणी बंद करावं लागतं. बहुतेक कन्सील्ड टाक्यांमध्ये छोटा अँगल कॉक आतच, तोंडापासून हाताला लागेल असा एका बाजूला असतो. क्षार साचून तो बरेचदा घट्ट होतो. हाताने नाही फिरला तर पाना लावून रेटू नये, कारण तो तुटला तर पाणी भिंतीच्या आत सुटतं आणि खालच्या मजल्यावरच्यांशी ओळख वाढते. अशा वेळी बाथरूमचा किंवा डक्टमधला मुख्य कॉक बंद करावा. मीही तेच केलं. मग एकदा फ्लश करून टाकी रिकामी केली, तरफ क्लिपमधून सोडवली आणि व्हॉल्व्ह उचलून बाहेर घेतला.

खडकवासल्याचं पाणी तसं सौम्य. पण या सोसायटीला उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर बरेच दिवस काढावे लागतात आणि त्याचा पांढरा थर रबरावर दिसत होता. रबर गरम पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवलं आणि नंतर मऊ कापडाने पुसलं. ते अजून लवचिक होतं, बदलायची गरज नव्हती. टॉयलेट साफ करायचं ॲसिड मात्र इथे वापरू नये, ना रबरावर, ना प्लेटवर. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमचा मुलामा खातं आणि मग प्लेटवर काळपट डाग पडून पापुद्रे सुटू लागतात.

आता नवी प्लेट. काकांना आधी जुनीच चिकटवून हवी होती. कडेला गेलेली तड चिकटवून काही महिने निभतं. पण बिजागरीची तड दर वेळी हलणार, तिथे कुठलाच गोंद टिकत नाही. शिवाय झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने क्रोमवर पांढुरके डाग पडतात.

प्लेट घ्यायला जाताना तुटलेली प्लेट पिशवीत टाकून नेणं चांगलं, पण तेवढं पुरत नाही. बाहेरून दोन प्लेट सारख्या मापाच्या दिसल्या तरी मागचं सगळं वेगळं असू शकतं. गेबेरिटचंच उदाहरण घ्या. त्यांच्या सिग्मा मालिकेची प्लेट २४६ बाय १६४ मिलिमीटरची असते आणि डेल्टाचीही तेवढीच. तरी एकीची प्लेट दुसरीच्या टाकीवर चालत नाही. त्यांचीच ओमेगा २१२ बाय १४२. ग्रोहेच्या बऱ्याच प्लेट १९७ बाय १५६ च्या. म्हणून प्लेट टाकीच्या मॉडेलनुसार घ्यायची, रंगरूपानुसार नाही. मॉडेलचं नाव बाहेर कुठेच नसतं. ते टाकीच्या आत, शिंतोड्यांच्या पडद्यावर किंवा पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हच्या अंगावर छापलेलं किंवा स्टिकरवर असतं. मोबाइल आत घालून फोटो काढला की वाचता येतं. इथे स्टिकर ओलाव्याने गळून पडलं होतं, पण पडद्यावर उमटवलेली अक्षरं शाबूत होती.

फोटोशिवाय तीन मापं वहीत घेतली. टाइलमध्ये कापलेल्या चौकटीची रुंदी २०८ आणि उंची १३० मिलिमीटर, दोन स्क्रूंमधलं अंतर, आणि दोन दांड्यांमधलं अंतर. चौकटीच्या मापाचं महत्त्व दुकानात गेल्यावर लगेच कळलं. भवानी पेठेतल्या दुकानदाराने आधी एक सुंदर काळी प्लेट पुढे केली. म्हणाला, "साहेब, ही सगळीकडे बसते." ती २०० मिलिमीटर रुंद होती. आमची चौकटच २०८ ची, म्हणजे दोन्ही बाजूंना टाइलची कापलेली, खडबडीत कड उघडी पडली असती. प्लेटने चौकट सगळीकडून किमान सेंटिमीटरभर तरी झाकली पाहिजे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेलचा फोटो पाठवला. त्यांच्याकडे त्याच टाकीवर चालणाऱ्या दोन प्लेट होत्या. एकीवर दोन लहान गोल बटणं, दुसरीवर जवळजवळ अख्खी प्लेट व्यापणारी दोन रुंद, चौकोनी बटणं.

काकांना गोल बटणांची आवडली. मी रुंद बटणांची घ्या म्हणून सांगितलं, ते काकूंच्या बोटांसाठी. लहान बटण सरळ आत जातं आणि त्याच्यामागे स्प्रिंग असते. सगळा जोर एकाच बोटाच्या टोकावर येतो. रुंद बटण एका कडेला बिजागरीवर फिरतं. बिजागरीपासून लांब, मोकळ्या कडेजवळ दाबलं की त्याच कामाला कमी जोर लागतो आणि बोटाऐवजी तळहाताने किंवा मुठीनेही दाबता येतं. फक्त बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते बसवताना बघून घरच्यांना दाखवून द्यावं. बिजागरीजवळ दाबत राहिलं तर रुंद बटणाचा काही उपयोग नाही. काकू म्हणाल्या, "मग रुंदच आणा, दिसण्याचं काय करायचंय." काकांनी मान हलवली.

दोन बटणं वेगवेगळ्या आकाराची असतील तर मोठं पूर्ण फ्लशचं आणि लहान अर्ध्याचं, हे बहुतेक ठिकाणी खरं असतं. या नव्या प्लेटची बटणं मात्र एकाच मापाची होती, आणि कुठलं कुठल्या दांडीला लागतं हे आतल्या तरफेवर ठरतं. त्यामुळे ते करूनच बघावं लागतं.

नव्या प्लेटबरोबर नवी फ्रेम आणि नव्या दांड्याही येतात. जुन्या दांड्या त्यात मिसळू नयेत, टोकांचा आकार वेगळा असू शकतो. या दांड्यांना आटे होते, फिरवल्या की लांबी वाढते किंवा कमी होते. काही टाक्यांच्या दांड्यांवर खुणा असतात आणि त्या खुणेवर कापायच्या असतात. तिथे आधी मोजून मगच कापावं, कारण कापलेली लांबी परत मिळत नाही.

प्लेट बसली की मागचं काही दिसत नाही, मग २ मिलिमीटरची मोकळीक मोजायची कशी? काकूंकडून कणकेचा छोटा गोळा मागितला. तो दांडीच्या टोकावर चिकटवला, बटण न दाबता प्लेट अलगद जागेवर बसवली आणि पुन्हा काढली. चेपलेल्या कणकेची जाडी म्हणजेच बटण आणि दांडीतलं अंतर. हीच युक्ती आधी जुन्या प्लेटवर वापरून १४ चा आकडा मिळवला होता. नव्या दांड्यांवर पहिल्यांदा कणीक ९ मिलिमीटर भरली. दांडी ७ मिलिमीटर बाहेर काढली, पुन्हा कणीक लावली, २ आली. दुसऱ्या दांडीचंही तसंच. मग कणीक नीट पुसून घेतली, नाहीतर मुंग्या येतात आणि झुरळंही.

फ्रेमचे स्क्रू आवळताना एक भान ठेवावं लागलं. नव्या टाइल्सच्या सांध्यापाशी एक टाइल दुसरीपेक्षा किंचित वर होती. स्क्रू पूर्ण आवळले असते तर फ्रेम पिळली गेली असती आणि प्लेटच्या क्लिपवर कायमचा ताण राहिला असता. म्हणून खालच्या टाइलच्या बाजूला फ्रेममागे पातळ प्लास्टिकची चकती घातली आणि स्क्रू फ्रेम हलायची थांबेपर्यंतच फिरवले. सिलिकॉन कुठेही लावलं नाही.

मग चाचणी. पाणी चालू करून टाकी भरू दिली आणि तिच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलने भरलेल्या पाण्याची खूण केली. टाकीत येणारं पाणी पुन्हा बंद करून डावं बटण दाबलं, मग प्लेट काढून मापाच्या जगाने पाणी ओतत पुन्हा खुणेपर्यंत टाकी भरली. ६ लिटर लागले. उजव्या बटणाला ३ लिटर. म्हणजे डावं पूर्ण, उजवं अर्धं. काकूंनी डाव्या बटणावर लाल टिकली लावून टाकली. सगळं बसवून पाणी चालू केलं, टाकी भरू दिली आणि पुन्हा टिश्यू पेपर. कोरडा.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. भिंत १२ ऐवजी ३० मिलिमीटरने जाड झाली असती, तर दांड्यांचे आटे पुरले नसते, फ्रेमचे लांब स्क्रूही पुरले नसते. त्यासाठी कंपनी वाढीव लांबीचा संच देते, तो मागवावा लागतो. पाइपचे तुकडे जोडत बसू नये. काही टाक्यांमध्ये तर दांड्याच नसतात, बटणामागून हवेच्या बारीक नळ्या जातात. बटण दाबलं की नळीतली हवा दाबली जाऊन व्हॉल्व्ह उचलला जातो. तिथे मोकळीक मोजायचा प्रश्नच येत नाही. पण नळी फ्रेमखाली चिमटली किंवा टोकापाशी सैल झाली की बटण दाबूनही काहीच होत नाही. अशा टाकीवर दांड्यांची प्लेट चालत नाही आणि दांड्यांच्या टाकीवर नळ्यांची.

आवराआवर करताना मी काकांना विचारलं, दुसऱ्या बाथरूमचं काम कोणी केलं? त्याच माणसाने, त्याच आठवड्यात. तिथली प्लेट धड होती, पण पाहुण्यांची बाथरूम, वापर कमी. सिलिकॉन कापून प्लेट काढली. तिथे दोन्ही दांड्या मूळ लांबीच्याच होत्या, कणीक दोन्हीकडे १४. जुन्या दांड्यांना आटे शिल्लक होते. दोन्ही १२ मिलिमीटर बाहेर काढल्या आणि तीच प्लेट परत लावली. तिथे नवीन काहीच घ्यावं लागलं नाही.